दर सहाव्या आठवड्याला वजन अडकतंय? डिलोड कधी लावायचा आणि त्यात नक्की काय कमी करायचं

प्रॉब्लेम आधी नीट सांगतो, कारण बऱ्याच जणांना तो होतो आणि प्रत्येकजण त्याला वेगळंच नाव देतो. चार-पाच आठवडे सगळं मस्त चाललेलं असतं, दर आठवड्याला बारवर अडीच किलो चढतात, रेप पूर्ण निघतात, आणि मग एका सोमवारी तेच वजन, जे मागच्या आठवड्यात पाच रेप नीट निघालं होतं, ते तिसऱ्या रेपला मध्येच चिकटतं. तुम्ही म्हणता आज दिवस खराब होता. गुरुवारी डेडलिफ्टला पण तेच. पुढच्या सोमवारी त्याहून वाईट. घरी कुकर उचलताना कोपर दुखतं, झोप लागते पण तीन वाजता जाग येते, आणि जिमच्या पायऱ्या चढतानाच वाटतं की आज नको.

माझं हे जवळजवळ दोन वर्षं चाललं होतं. नऊ वर्षं वजन उचलतोय, म्हणजे नवखा नाही, आणि म्हणूनच मला वाटायचं की प्रोग्रॅममध्ये काहीतरी चुकतंय. दर वेळी अडकलो की प्रोग्रॅम बदलायचो, नवीन व्यायाम टाकायचो, दोन आठवडे बरं वाटायचं (कारण नवीन प्रोग्रॅमचा पहिला आठवडा हलकाच असतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही) आणि पुन्हा सहाव्या-सातव्या आठवड्याला गाडी तिथेच. उत्तर प्रोग्रॅममध्ये नव्हतंच, ते रोजचे सेट-रेप लिहितो त्या वहीत होतं.

आधी हे बघा की खरंच थकवाच आहे का

डिलोड, म्हणजे ठरवून घेतलेला हलका आठवडा, लावायच्या आधी बाकीची कारणं काढून टाका, नाहीतर रोग एक आणि औषध दुसरंच. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या जिममध्ये संध्याकाळी सहाला ट्रेनिंग करत असाल तर वजन पडणारच, ते उन्हाचं आणि पाण्याचं आहे, तीच लिफ्ट सकाळी करून बघा. गेल्या पंधरा दिवसांत ताप-सर्दी झाली होती का, जेवण कमी केलंय का, नाइट शिफ्ट लागली का, हे बघा. आणि एक गोष्ट जी कोणी तपासत नाही ती म्हणजे बार. आमच्या जिमला दोन बार दिसायला अगदी सारखे आहेत, एक २० किलोचा आणि एक १७ चा, मी महिनाभर हलक्या बारवर स्क्वॉट मारत होतो आणि ज्या दिवशी दुसरा बार हातात आला त्या दिवशी वाटलं की ताकदच गेली. प्लेट्सचंही तसंच, वरती २० लिहिलंय म्हणजे २० असेलच असं नाही. वजनकाटा मिळाला तर एकदा मोजून घ्या आणि आपल्या बारला खडूने खूण करा.

हे सगळं ठीक असेल तर पुढची खूण बघा. फक्त एकच लिफ्ट पडली असेल, म्हणजे बेंच अडकलाय पण स्क्वॉट आणि डेडलिफ्ट चढतायत, तर तो साठलेला थकवा सहसा नसतो, ते टेक्निकचं किंवा त्या खांद्याचं किंवा त्या व्यायामाच्या सेट्सचं गणित आहे. पण एकाच आठवड्यात दोन मोठ्या लिफ्ट खाली आल्या आणि पुढच्या सेशनलाही सावरल्या नाहीत, तर तो थकवा. माझा नियम हाच आहे, दोन लिफ्ट आणि दोन सेशन. एका खराब दिवसावर मी काहीच ठरवत नाही.

यापेक्षाही लवकर कळायची एक युक्ती आहे. स्क्वॉटच्या शेवटच्या वॉर्मअप सेटचा, माझ्यासाठी ११० किलो, दर आठवड्याला मोबाइलवर एकाच कोपऱ्यातून व्हिडिओ काढतो. वर्किंग सेट सगळे झगडूनच निघतात, त्यात फरक दिसत नाही, पण ११० पहिल्या आठवड्यात कसं सरळ झपकन वर येतं आणि पाचव्या आठवड्यात खालून उठताना कसं क्षणभर थबकतं, हे शेजारीशेजारी लावलं की स्पष्ट दिसतं. अंगाला ते आधीच कळलेलं असतं, ११० खांद्यावर घेतल्या घेतल्या रॅकमधून मागे येताना जड लागतं. पण अंगावर आपण विश्वास ठेवत नाही, व्हिडिओवर ठेवतो.

असं का होतं

ट्रेनिंगमधून एकाच वेळी दोन गोष्टी अंगात साठत असतात, ताकद आणि थकवा. ताकद हळू येते आणि हळूच जाते, थकवा पटकन येतो आणि त्या मानाने लवकर उतरतो. १९७५ च्या आसपास बॅनिस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंसाठी हे मॉडेल मांडलं आणि थोड्याफार फरकाने आजही कोच लोक त्याच पद्धतीने विचार करतात. त्या दिवशी बारवर जे दिसतं ते म्हणजे ताकदीतून थकवा वजा जाता उरलेलं. सहाव्या आठवड्यात तुम्ही कमजोर झालेले नसता, उलट पहिल्या आठवड्यापेक्षा बहुतेक जास्त ताकद असते, फक्त ती थकव्याखाली दबलेली असते म्हणून बारवर दिसत नाही.

नवीन पोरांना हे होत नाही, कारण ५० किलोचा स्क्वॉट दोन दिवसांत पचतो. तुम्ही १४० च्या पाच सेट मारताय, आठवड्याला चार दिवस, आणि प्रत्येक सेट एक-दोन रेप शिल्लक ठेवून जवळजवळ मर्यादेपर्यंत. दर आठवड्याचा थोडा थकवा उरतो आणि पुढच्या आठवड्यात जातो. शिवाय स्नायूंपेक्षा टेंडन हळू तयार होतात आणि हळू सावरतात, म्हणून कोपर आणि गुडघ्याच्या खालची ती बारीक ठसठस छाती-मांड्यांच्या आधी बोलायला लागते.

डिलोड म्हणजे साधारण आठवडाभर ठरवून, मोजून काम कमी करायचं, म्हणजे थकवा उतरेल पण ताकद आणि टेक्निक जागेवर राहील. आजारी पडलो म्हणून जिमला गेलो नाही, तो डिलोड नाही. कंटाळा आला म्हणून हलकं केलं, तोही नाही.

काय कमी करायचं: सेट, वजन नाही

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात आणि मीही वर्षभर चुकलो. मी वजन अर्ध्यावर आणायचो, ७० किलोचा स्क्वॉट, आणि "हलकंच आहे की" म्हणून सेट तेवढेच, कधी कधी रेप वाढवून दहाच्या करायचो. घाम तेवढाच, वेळ तेवढाच, आणि पुढच्या सोमवारी १३० खांद्यावर घेतलं की परकं वाटायचं कारण आठवडाभर जड वजन अंगाला लागलेलंच नाही. थकवा मुख्यतः एकूण कामातून आणि मर्यादेला भिडण्यातून येतो, तर ताकद टिकते ती वजन बऱ्यापैकी जड ठेवल्याने. टेपरवर, म्हणजे स्पर्धेआधी ट्रेनिंग कमी करत नेतात त्यावर, २००७ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं होतं, मुख्यतः पोहणारे, धावणारे आणि सायकलवाले खेळाडू होते त्यात, आणि तिथेही फायदा दिसला तो काम साधारण ४१ ते ६० टक्के कमी करून तीव्रता तशीच ठेवली तेव्हा. लिफ्टिंग वेगळं आहे, पण जिममध्ये मला जे दिसलं ते याच दिशेचं आहे.

आता माझ्या वहीतलंच देतो. पाचव्या आठवड्यात सोमवारी स्क्वॉट १४० किलो, ५ सेट, ५ रेप, म्हणजे २५ रेप (शेवटच्या सेटला चारच निघाल्या, पण प्लॅन २५ चा). डिलोडच्या सोमवारी स्क्वॉट १२५ किलो, ३ सेट, ४ रेप, म्हणजे १२. वजन फक्त १० टक्क्यांच्या आसपास खाली आलं, पण रेप निम्म्याच्या खाली गेल्या आणि एकूण उचललेलं वजन ३५०० किलोवरून १५०० वर आलं. प्रत्येक सेट संपवून बार रॅकला ठेवताना अजून चार-पाच रेप सहज निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे, ते वाटत नसेल तर अजून पाच किलो काढा. मंगळवारी बेंच ९५ च्या पाच सेटऐवजी ८५ च्या तीन. गुरुवारी डेडलिफ्ट १७० चे तीन-तीनचे चार सेट असतात, ते १५२.५ चे दोनच, कारण डेडलिफ्टचा थकवा मला सगळ्यात उशिरा उतरतो. शुक्रवारी ओव्हरहेड प्रेस त्याच हिशोबाने. लेग प्रेस, डिप्स, कर्ल वगैरे मोठ्या लिफ्टनंतरचे व्यायाम एकेक सेट, आणि ज्याने कोपर दुखतं तो आठवडाभर पूर्ण बंद. जिमचे दिवस मात्र चारच्या चार ठेवतो, वॉर्मअप पण नेहमीसारखाच, चाळीस मिनिटांत घरी.

"मग आठवडाभर घरीच का नाही बसायचं" हा प्रश्न येतोच. २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ३९ ट्रेनिंग करणारे लोक होते, नऊ आठवडे, त्यातल्या एका गटाला मध्ये एक आठवडा पूर्ण सुट्टी दिली. शेवटी स्नायूंची वाढ दोन्हीकडे सारखीच, पण पायांची ताकद जे थांबले नाहीत त्यांची थोडी जास्त वाढली. यातून मी दोन गोष्टी घेतो. एका आठवड्याने साइझ जात नाही, त्यामुळे ती भीती सोडा. आणि ताकदीसाठी ट्रेनिंग करत असाल तर पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा कमी करून बारला हात लागत राहणं बरं. कुठे लग्नाला जायचंय, जिमच नाही, तर पूर्ण सुट्टी चालेल, फक्त परतल्यावर पहिला आठवडा अजून एक पायरी खालून सुरू करा, नाहीतर मांड्या अशा धरतात की जिना उतरता येत नाही.

कधी लावायचा

स्पर्धेत उतरणाऱ्या २४६ लिफ्टर आणि बॉडीबिल्डरना विचारलेला एक सर्व्हे आहे, त्यात सरासरी दर साडेपाच आठवड्यांनी डिलोड आणि तो साधारण सहा-साडेसहा दिवसांचा असं आलं. पण ही सरासरी आहे, लोकांच्या उत्तरांमध्ये फरक खूप होता, त्यामुळे ती तशीच्या तशी उचलू नका. तुमचा आकडा तुमच्या वहीतून येतो.

मी काय केलं, वहीतून ट्रेनिंगच्या मागच्या तीन सायकली, म्हणजे हलक्या सुरुवातीपासून अडकेपर्यंतचे आठवडे, काढल्या आणि प्रत्येकीत तो पहिला आठवडा शोधला ज्यात दोन लिफ्ट एकत्र पडल्या. माझे आले सहावा, सातवा, सहावा. त्यातला सगळ्यात लहान घ्यायचा, म्हणजे सहा, आणि डिलोड नेमका त्या सहाव्या आठवड्यातच बसवायचा. पाच आठवडे चढायचं, सहाव्यात उतरायचं. वाट बघायची नाही, कारण दोन लिफ्ट पडेपर्यंत थांबलात तर एक-दोन आठवडे वाया गेलेलेच असतात, आणि त्या एक-दोन आठवड्यांतच माणूस जिद्दीने जोर लावतो आणि पाठ धरते.

वही नसेल तर पाच अधिक एकने सुरू करा आणि पुढे दुरुस्त करा. जड डेडलिफ्ट आठवड्यात दोनदा असेल किंवा चरबी कमी करायला जेवण कमी केलं असेल तर एक आठवडा अलीकडे घ्या. मशिनवर जास्त काम असेल, साइझसाठी आठ ते बारा रेपमध्ये चालू असेल, तर सात-आठ आठवडेही जातात. पण दर तिसऱ्या आठवड्याला डिलोडची गरज पडत असेल तर प्रॉब्लेम डिलोडचा नाही, रोजचे सेटच जास्त झालेत, प्रत्येक मोठ्या लिफ्टचा एक सेट काढा.

मग कॅलेंडर. हा भाग मला फार आवडतो कारण इथे घर आणि जिम यांचं भांडण मिटतं. २०२६ ला गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, सोमवारी. त्या आठवड्यात आमच्याकडे पाहुणे, जागरण, मोदक, नीट ट्रेनिंग होणारच नाही हे मला आत्ताच माहितीये. तर १४ ते २० सप्टेंबर डिलोड, तिथून पाच आठवडे मागे मोजले की १० ऑगस्ट, सायकलचा पहिला सोमवार. आता १० ऑगस्टच्या आधीची सायकल तिथपर्यंत नीट बसत नसेल तर ती चार आठवड्यांची करायची. सायकल आखडली तर चालते, ताणायची नाही. आधी मी गणपतीत चुकलेले दिवस भरून काढायला विसर्जनानंतरच्या आठवड्यात दुप्पट मारायचो, ते आता बंद झालं.

डिलोड चालू असताना काय बिघडतं

सोमवार-मंगळवार बरं वाटत नाही, अंग जड, १२५ पण फार हलकं लागत नाही. घाबरू नका, थकवा अजून उतरायचाय. गुरुवारपर्यंत कोपर शांत होतं. आणि धोका तिथेच आहे, गुरुवारी-शुक्रवारी हात शिवशिवतात, शेजारी मित्र जड मारत असतो, तो म्हणतो "अरे एकच सेट मार, फॉर्मात दिसतोयस". मी एकदा मारला, १५० च्या दोन रेप, छान निघाल्या, आणि पुढचा अख्खा आठवडा परत पाचव्या आठवड्यासारखा गेला. बरं वाटायला लागलंय म्हणजे काम अर्धं झालंय, पूर्ण नाही.

दुसरं म्हणजे मोकळा वेळ भरून काढणं. जिमला चाळीस मिनिटंच लागतायत म्हणून एका डिलोडच्या रविवारी मी राजगड चढून आलो. उतरताना मांड्या थरथरत होत्या आणि सोमवारी पहिल्या सायकल-दिवशी १३० किलो मला १४० सारखे वाटले. चालणं चालेल, घरच्या सायकलवर वीस मिनिटं चालतील, पण नवीन व्यायाम, ट्रेक, क्रिकेटची मॅच हे त्या आठवड्यात नको. जेवण पण कमी करू नका, "काम कमी तर चपाती कमी" हे डोक्यात येतंच, पण सावरायला लागणारं सामान जेवणातूनच येतं. प्रोटीन तेवढंच, भात-पोळी जवळपास तेवढीच.

परत सुरू करताना

सातव्या आठवड्यात थेट १४० वर जायचं नाही, आणि कितीही वाटलं तरी मॅक्स टेस्ट करायची नाही. मागच्या सायकलचा पहिला आठवडा १३० किलो, ४ सेट, ५ रेप होता, तर या वेळचा १३२.५, तेवढेच सेट. त्यात प्रत्येक सेटला तीनेक रेप शिल्लक वाटल्या आणि ११० च्या व्हिडिओत ती थबक गेलेली दिसली की समजायचं डिलोड लागला. तिथून पुन्हा अडीच-अडीच किलो, पाचव्या आठवड्याला १४२.५, आणि त्या वेळी पाचही सेट पूर्ण निघाले, जिथे आधीच्या सायकलमध्ये १४० चा शेवटचा सेट सुटला होता. प्रत्येक सायकल अशी जात नाही, माझ्या मधल्या दोन सायकली जिथल्या तिथेच राहिल्या, पण पडल्या नाहीत.

डिलोड करूनही फरक नाही

असं झालं तर अजून तीन-चार दिवस तसंच हलकं ठेवा, कधी कधी आठवडा पुरत नाही, विशेषतः वाट बघून उशिरा लावला असेल तर. त्यानंतरही ११० जडच लागत असेल तर थकवा हे उत्तर नाही, आणि अजून एक डिलोड लावून काही होणार नाही. दुखणं एकाच जागी बोट ठेवता येईल असं असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, किंवा पाठीतून पायात मुंग्या उतरत असतील तर डिलोड नाही, फिजिओ किंवा ऑर्थोपेडिक डॉक्टर.

माझ्या ट्रेनिंग पार्टनरचं हेच झालं. त्याने वरचं सगळं नीट केलं, वही, तीन सेट, जेवण, दोनदा डिलोड, आणि तरी सातव्या आठवड्यात पहिल्याच वॉर्मअपला दम लागायचा, जिमबाहेर पण, चौथ्या मजल्यावर घरी चढताना. मी त्याला म्हटलं दादा हे आपल्या बारचं नाही, डॉक्टरला दाखव. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच खाली होतं. डॉक्टरांनी कारण शोधून उपचार सुरू केले, तीन महिने त्याने फक्त मध्यम वजनावर तीन-तीन सेट केले, आणि आता तो पुन्हा पाच अधिक एकवर आहे, या सोमवारी त्याचा चौथा आठवडा सुरू होतोय.